संगणक सुरू होत नाही? आधी सगळ्या वायरी काढा

लॅपटॉपचं बटण दाबलं, पंखा फिरला, कंपनीचं बोधचिन्ह पडद्यावर आलं आणि पुढं काहीच झालं नाही, की बहुतेकांच्या मनात पहिली भीती येते ती मदरबोर्ड गेल्याची. अनुभवी दुरुस्तीवाला मात्र आधी विचारतो, "याला काय काय जोडलेलं होतं?" कारण बाहेरून जोडलेली एखादी वस्तू अख्ख्या संगणकाला दारातच अडवून धरू शकते. ती कोणती, हे घरच्या घरी, एकही पैसा खर्च न करता शोधता येतं.

बटण दाबल्यावर विंडोज लगेच सुरू होत नाही. त्याआधी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला एक छोटा प्रोग्राम चालतो. त्याचं आजचं नाव यूईएफआय, पण बोलताना सगळे अजून बायोसच म्हणतात. तो मेमरी तपासतो आणि मग यूएसबी पोर्टांवर कोण कोण आहे याची चौकशी करतो. कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का, त्या डिस्कवरून संगणक सुरू करता येईल का? खराब होत आलेली डिस्क "मी आहे" एवढं सांगते, पण तिच्यातलं काही वाचायला गेलं की गप्प बसते. बायोस थांबतो, पुन्हा विचारतो आणि काही यंत्रांत तिथंच अडकून राहतो.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डाचा प्रकार वेगळा. बायोसमध्ये कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची याचा क्रम लावलेला असतो. त्यात यूएसबी पहिली असेल, तर संगणक आधी तुमच्या पेन ड्राइव्हकडे जातो. त्यावर फोटो आणि फायली असतात, विंडोज नसतं. मग काळ्या पडद्यावर BOOTMGR is missing किंवा Remove disks or other media अशी ओळ दिसते आणि माणूस घाबरतो. आतल्या डिस्कला काहीही झालेलं नसतं. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं की काम होतं.

तिसरं कारण विजेचं. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून एका उपकरणाला ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० मधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळायची सोय असते. वाकलेल्या पोर्टमध्ये किंवा चिरडलेल्या वायरीत आतल्या तारा एकमेकींना टेकल्या, तर त्याहून कितीतरी जास्त वीज ओढली जाते. काही मदरबोर्ड अशा वेळी USB Device over current status detected असा इशारा देऊन स्वतःच बंद होतात.

आता तपासणी. अडकलेला संगणक बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून बंद करा आणि मगच वायरी काढा. सगळ्या म्हणजे खरोखर सगळ्या. वायरलेस माउसचा नखाएवढा रिसीव्हर, चार्जिंगला लावलेला मोबाइल, टेबलामागून गेलेली प्रिंटरची वायर, बाहेरच्या मॉनिटरची एचडीएमआय. मेमरी कार्ड हमखास विसरतं, कारण ते खाचेत पूर्ण आत जातं आणि बाहेरून दिसत नाही. ज्या प्रिंटरला कार्डाची खाच असते, तो संगणकाला डिस्कसारखाही दिसू शकतो, म्हणून तोही काढायचा.

डॉक काढताना एक चूक फार होते. अनेक लॅपटॉपना चार्जिंगही डॉकमधूनच मिळत असतं. डॉक काढला, बॅटरी रिकामी होती, लॅपटॉप मुळीच उठला नाही, आणि निष्कर्ष निघाला की मदरबोर्डच गेला. डॉक काढलात तर लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर लावा. पण त्याआधी चार्जरही नसताना बटण एकदा तीसेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब तर काढलाच पाहिजे. संगणक बंद असतानाही काही हब उलट दिशेनं त्याला थोडी वीज पुरवत राहतात.

एवढं केल्यावर संगणक सुरू झाला, तर लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि सगळं एकदम परत जोडतात. ही तपासणी तिथंच वाया जाते. वस्तू काढणं हा तिचा अर्धा भाग आहे. गुन्हेगार सापडतो तो एकेक परत जोडताना.

एका कर सल्लागाराच्या ऑफिसातलं उदाहरण घेऊ. लॅपटॉप डॉकला लावलेला, आणि डॉकमध्ये प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, माउसचा रिसीव्हर आणि हिशेबाच्या बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क. लॅपटॉप बोधचिन्हावर अडकतो. सगळं काढल्यावर नीट सुरू होतो. नुसता डॉक काढला तरी सुरू होतो, म्हणून संशय डॉकवर येतो आणि नवा डॉक मागवायची तयारी होते. पण डॉक काढला म्हणजे त्याच्यामागच्या पाचही वस्तू निघाल्या, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून आधी रिकामा डॉक लावायचा. लॅपटॉप सुरू होतो, म्हणजे डॉकवरचा संशय जवळपास मिटला. मग पूर्ण बंद करून रिसीव्हर, पुन्हा बंद करून टोकन, मग स्कॅनर, मग प्रिंटर. प्रत्येक वेळी सुरू होतो. हार्ड डिस्क लावली की अडकतो. इथंही थांबायचं नाही. तीच डिस्क डॉक सोडून थेट लॅपटॉपला लावून पाहायची. तिथं चालली असती, तर डॉकचा तो पोर्ट किंवा तिथली अपुरी वीज दोषी. इथं मात्र अडकतो. वायर बदलली, तरीही अडकतो. आता दोष डिस्कचा किंवा तिच्या डबीतल्या सर्किटचा, हे ठरलं.

यात "पूर्ण बंद" हे शब्द महत्त्वाचे आहेत. विंडोजमध्ये Fast Startup चालू असेल, तर नेहमीच्या Shut down नं ते अर्धवट झोपतं आणि पुढच्या वेळी जुन्याच अवस्थेतून उठतं. शिफ्ट दाबून धरून Shut down निवडा, किंवा कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्या:

```
shutdown /s /t 0
```

अशी डिस्क हाती लागली की ती बाजूला टाकू नका. विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर ती जोडून पाहा. अनेकदा ती तेव्हा उघडते, आणि तीच तिच्यातला डेटा दुसरीकडे उतरवून घ्यायची वेळ असते. दोषी पेन ड्राइव्ह निघाला, तर त्याला काही झालेलं नाही. बायोसच्या Boot भागात आतली डिस्क पहिल्या क्रमांकावर आणली की पुरे. मात्र बिटलॉकर चालू असेल, तर हा क्रम बदलल्यावर, कधी नुसता डॉक काढल्यावरही, संगणक रिकव्हरी की मागू शकतो. ४८ अंकांची ती की आधी शोधून जवळ ठेवा.

या पद्धतीला मर्यादा आहेत. कधी एकही वस्तू एकटी दोषी नसते आणि दोन मिळूनच अडथळा होतो. म्हणून आधी लावलेल्या वस्तू तशाच ठेवून पुढची जोडायची. शिवाय लॅपटॉपचा कॅमेरा आणि ब्लूटूथ बहुधा आतून यूएसबीवरच असतात, ते असे काढता येत नाहीत. सगळं काढूनही संगणक बोधचिन्हावरच अडकला, तर दोष बहुतेक आत आहे. मग तो दुकानात न्या, चार्जर बरोबर घ्या, आणि काहीही न जोडता तो नेमका कुठं थांबतो ते सांगा.