बेरीज जुळली, तरी हिशेब चुकलेलाच

मार्च संपला की छोट्या दुकानांचे हिशेब एका पानावर येतात. वर नफा-तोटा पत्रक, खाली ताळेबंद. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला भांडवल आणि देणी, उजव्या बाजूला मालमत्ता आणि येणी. दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या आल्या की दुकानदार सुटकेचा श्वास टाकतो आणि नाही आल्या तर त्याची झोप उडते. खरं म्हणजे न जुळलेली बेरीज ही त्यातल्या त्यात बरी चूक, कारण ती निदान ओरडून सांगते. गप्प बसणाऱ्या चुका जास्त महाग पडतात.

शालेय स्टेशनरीच्या एका दुकानाचं नमुन्याचं पान घेऊ. वर्ष २०२३-२४. विक्रीतून मालाची किंमत आणि मालाचं गाडीभाडं वजा जाऊन ढोबळ नफा उरला ४,०२,०००. त्यापुढचं पान असं आहे.

नफा-तोटा पत्रक
ढोबळ नफा ४,०२,०००
वजा: पगार १,२०,०००, दुकानभाडं ७२,०००, दुकानाचं डिपॉझिट ५०,०००, वीजबिल १४,०००, कर्जावरचं व्याज १२,०००, फर्निचरचा घसारा ८,०००, घरखर्च ९६,०००
निव्वळ नफा ३०,०००

ताळेबंद, ३१ मार्च २०२४

| भांडवल व देणी | रुपये | मालमत्ता व येणी | रुपये |
|---|---|---|---|
| भांडवल २,५०,००० + नफा ३०,००० | २,८०,००० | फर्निचर | ७२,००० |
| बँकेचं कर्ज | १,००,००० | अखेरचा साठा | २,१०,००० |
| व्यापाऱ्यांची देणी | १,१२,००० | गिऱ्हाइकांकडून येणं | १,५४,००० |
| | | बँकेतली शिल्लक | ६२,००० |
| | | रोख | ९,००० |
| एकूण | ४,९२,००० | एकूण | ५,०७,००० |

उजवी बाजू १५,००० नी जास्त आहे. अशा वेळी पहिला मोह होतो तो डावीकडे ‘किरकोळ देणी १५,०००’ अशी एक ओळ घुसवून मोकळं होण्याचा. तो टाळायचा, कारण हा फरक म्हणजेच आपल्या हातातला धागा आहे. ओळ घुसवली की धागा तुटतो आणि चूक पुढच्या वर्षाच्या वहीत जाऊन बसते.

सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून करायची. प्रत्येक बेरीज खालून वर पुन्हा मारायची. वरून खाली मारताना जिथे नजर फसली, तिथेच ती दुसऱ्यांदाही फसते, म्हणून दिशा बदलायची. मग वरच्या पत्रकातला नफा आणि ताळेबंदात भांडवलात मिळवलेला नफा एकच आहे का ते बघायचं. आपल्या पानात दोन्हीकडे ३०,००० आहेत आणि बेरजाही बरोबर आहेत.

नंतर फरकाचे निम्मे करायचे. एखादं देणं चुकून उजवीकडे लिहिलं गेलं, तर डावी बाजू तेवढ्याने कमी होते आणि उजवी तेवढ्याने वाढते. म्हणजे फरक रकमेच्या दुप्पट पडतो. १५,००० चे निम्मे ७,५००. या रकमेची एकही बाब पानावर नाही. म्हणजे बाजू उलटी झाल्याची शक्यता मागे पडली.

आता वर्षअखेरच्या समायोजना तपासायच्या. तेरीज पत्रक तयार झाल्यानंतर लक्षात येणाऱ्या या गोष्टी. त्यांचा एक साधा नियम आहे: तेरजेबाहेरची प्रत्येक समायोजना अंतिम खात्यांत दोन ठिकाणी दिसलीच पाहिजे. या दुकानात तशा तीन होत्या. अखेरचा साठा ढोबळ नफा काढताना घेतला आणि मालमत्तेतही दाखवला, ठीक. घसारा ८,००० खर्चात धरला आणि ८०,००० चं फर्निचर ७२,००० वर आणलं, तेही ठीक. तिसरी गोष्ट मार्च महिन्याच्या भाड्याची. महिन्याला ६,००० प्रमाणे अकरा महिन्यांचे ६६,००० दिलेले होते, मार्चचे द्यायचे राहिले. खर्चात बरोबर ७२,००० धरले आहेत, पण घरमालकाला देणं असलेले ६,००० डाव्या बाजूला कुठेच नाहीत. पहिली चूक सापडली. ते लिहिले की डावी बाजू ४,९८,००० होते आणि फरक उरतो ९,०००.

नऊ हजार म्हटल्यावर जुना जाणता हिशेबनीस लगेच सावध होतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले, ४५ च्या जागी ५४ पडले, तर येणाऱ्या फरकाला नेहमी ९ ने पूर्ण भाग जातो. कारण उघड आहे. दहाच्या घरातला आकडा एकच्या घरात आला की तो नऊपटीने घटतो आणि एकच्या घरातला दहात गेला की नऊपटीने वाढतो. म्हणून फरक त्या दोन आकड्यांतल्या अंतराच्या नऊपट येतो. आपला फरक नऊ हजार, म्हणजे हजार आणि दहा हजार या घरांतले आकडे उलटले असावेत आणि त्यांच्यात एकाचंच अंतर असावं.

या कसोटीवर ताळेबंदातल्या तीनच रकमा संशयित ठरतात. साठा २,१०,००० खरा २,०१,००० असू शकतो. येणं १,५४,००० खरं १,४५,००० असू शकतं. किंवा डावीकडची देणी १,१२,००० खरी १,२१,००० असू शकतात. सगळी वही चाळायची गरज राहिली नाही, तीन रकमा मूळ तेरजेशी आणि साठ्याच्या यादीशी ताडून पाहायच्या. तेरजेत गिऱ्हाइकांकडून येणं १,४५,००० आहे. उतरवून घेताना ५४ झालं.

नऊचा हा नियम इशारा देतो, निकाल देत नाही. एक शून्य जास्त पडून १,००० चे १०,००० झाले तरी फरक ९,००० च येतो. आणि चुका दोन असतील तर नियम मुका होतो. मुळातल्या १५,००० ला नऊने भाग जात नव्हता. भाड्याची चूक बाजूला काढली, तेव्हाच दुसरी दिसली.

आता दोन्ही बाजू ४,९८,०००. बहुतेकजण इथे पान मिटतात. पण आपण बेरीज विसरून फक्त पानावरची नावं वाचू.

या पानाला दोन मथळे असतात. नफा-तोटा पत्रकावर लिहितात ‘३१ मार्च रोजी संपलेल्या वर्षाचे’ आणि ताळेबंदावर ‘३१ मार्च रोजीचा’. वरच्यात वर्षभरात कमावलेलं आणि संपलेलं येतं, खालच्यात त्या संध्याकाळी उरलेलं आणि देणं असलेलं. त्यामुळे खर्चातल्या प्रत्येक नावाला दोन प्रश्न विचारायचे: हे पैसे खरंच संपले का? आणि ते दुकानासाठीच गेले का?

डिपॉझिट पहिल्याच प्रश्नाला अडतं. ५०,००० रुपये घरमालकाकडे आहेत आणि जागा सोडताना परत मिळायचे आहेत. ते संपलेले नाहीत, म्हणून त्यांची जागा ताळेबंदाच्या उजव्या बाजूला. मग ते खर्चात टाकूनही बेरीज का बिघडली नाही? कारण खर्च वाढल्याने नफा ५०,००० नी घटला, नफा घटल्याने भांडवल घटलं आणि उजवीकडे मालमत्ताही तेवढ्यानेच कमी राहिली. दोन्ही पारडी सारखीच हलकी झाली, तराजूचा काटा जागचा हलला नाही.

घरखर्च दुसऱ्या प्रश्नाला अडतो. दुकानदाराने घरासाठी गल्ल्यातून वर्षभर उचललेले ९६,००० हा दुकानाचा खर्च नाही. हिशेबाच्या दृष्टीने दुकान वेगळं आणि मालक वेगळा. मालकाने घेतलेले पैसे ही ‘उचल’ आणि ती त्याच्या भांडवलातून वजा व्हायला हवी. ही चूक तर आणखी लपलेली असते. उचल नफ्यातून वजा केली काय किंवा थेट भांडवलातून वजा केली काय, अखेरचं भांडवल तेच येतं. ताळेबंदातली एकही बेरीज बदलत नाही. बिघडतो तो फक्त नफा.

ही चूक ओळखायची कशी? एकट्या मालकाच्या धंद्याच्या ताळेबंदात भांडवलाखाली ‘वजा उचल’ ही ओळ नसेल तर थांबायचं. मालकाचं घर चालतं कशावर? कधी त्याचं उत्तर पगार किंवा शेती असं असतं. बऱ्याचदा मात्र उचल वर खर्चात जाऊन बसलेली सापडते.

दोन्ही बाबी जागच्या जागी नेल्यावर खर्च उरतो २,२६,००० आणि निव्वळ नफा होतो १,७६,०००. भांडवल २,५०,००० अधिक १,७६,००० वजा उचल ९६,०००, म्हणजे ३,३०,०००. त्यात कर्ज १,००,०००, व्यापाऱ्यांची देणी १,१२,००० आणि भाड्याचे ६,००० मिळवले की डावी बाजू ५,४८,०००. उजवीकडे डिपॉझिटसह तीच रक्कम. बेरीज आधीही जुळत होती, पण तेव्हा नफा ३०,००० दिसत होता. त्या पानावर कर्ज मागायला गेलं तर महिन्याला अडीच हजार कमावणारं दुकान म्हणून बँक हात आखडता घेईल. शिवाय घरखर्च धंद्याच्या उत्पन्नातून वजा करायला प्राप्तिकराचा कायदा परवानगी देत नाही, तो प्रश्न वेगळाच.

हिशेब संगणकावर असला म्हणून या गप्प चुका टळत नाहीत. टॅलीत ताळेबंद सहसा जुळलेलाच निघतो. आरंभीच्या शिलका चुकल्या असतील तर फरकाची `Difference in opening balances` अशी ओळ तो स्वतःच दाखवतो. पण नवं खातं उघडताना ते कोणत्या गटात टाकायचं हे माणूसच ठरवतो. डिपॉझिटचं खातं `Deposits (Asset)` ऐवजी `Indirect Expenses` मध्ये गेलं, तर टॅली निमूटपणे ते खर्चात धरतो. म्हणून तिथेही खात्यांची नावं आणि त्यांचे गट एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात.

डिपॉझिटच्या चुकीचा खरा फटका बसतो तो काही वर्षांनी, जागा सोडायच्या दिवशी. आपले ५०,००० घरमालकाकडे आहेत, ही आठवण दरवर्षी ताळेबंदाने करून द्यायची असते. पहिल्याच वर्षी ते खर्चात गेले, तर नंतरच्या एकाही पानावर त्यांचं नाव येत नाही. मग ते लक्षात राहणं अवलंबून असतं कपाटातल्या भाडेकरारावर, किंवा घरमालकाच्या सचोटीवर.