चढणीवर ओझे नेणाऱ्या रोबोची गिअर मोटर

सपाट फरशीवर सहज धावणारा छोटा रोबो रॅम्पवर आला की अडतो, कारण तिथे मोटरला रोबोच्या वजनाचा काही भाग सतत वर ओढत राहावा लागतो. ही ओढ किती, हे उताराच्या कोनावरून ठरते. रोबोचे वजन ३ किलो, त्यावरचे ओझे २ किलो आणि रॅम्पचा कोन २० अंश असेल, तर एकूण ५ किलोला २० अंशांच्या साइनने, म्हणजे ०.३४ने गुणायचे. उत्तर येते १.७ किलो. रोबो रॅम्पवर नुसता उभा ठेवायलाही एवढा जोर लागतो.

त्यात चाकांच्या घरंगळण्यातला विरोध मिळवावा लागतो. रबरी चाक आणि प्लायवूडचा रॅम्प यांसाठी तो सुमारे ०.१५ किलो धरता येतो. शिवाय थांबलेल्या रोबोला अर्ध्या सेकंदात सेकंदाला ३० सेंमी वेग द्यायचा असेल, तर आणखी ०.३ किलो. एकूण जोर साधारण २.१६ किलो. वेग घेण्याचा हिस्सा अनेकदा हिशेबातून सुटतो आणि मग रोबो रॅम्पच्या मध्यावर थांबला की पुन्हा हलत नाही.

बाजारात गिअर मोटरचा टॉर्क किलो-सेंमीमध्ये सांगतात. शाफ्टच्या मध्यापासून १ सेंमीवर १ किलो वजन टांगले तर ते तोलायला लागणारा पीळ म्हणजे १ किलो-सेंमी. रोबोचे चाक १० सेंमी व्यासाचे असेल तर त्रिज्या ५ सेंमी, म्हणून एकूण टॉर्क १०.८ आणि दोन मोटरींत वाटल्यावर प्रत्येकीला ५.४ किलो-सेंमी. चाक मोठे घेतले की हा आकडा त्याच प्रमाणात वाढतो. मोटर बदलण्याआधी लहान चाकाचा विचार करावा तो यासाठी. याच चाकाचा परिघ ३१.४ सेंमी, म्हणजे सेकंदाला ३० सेंमी जाण्यासाठी मिनिटाला सुमारे ५७ फेरे हवेत.

आता गिअरचे प्रमाण. समजा, १२ व्होल्टची मूळ मोटर मोकळी फिरताना ६००० आरपीएम देते आणि तिचा स्टॉल टॉर्क, म्हणजे ती पूर्ण अडल्यावरचा टॉर्क, ०.६ किलो-सेंमी आहे. डीसी मोटरवर भार वाढेल तसा तिचा वेग सरळ रेषेत उतरतो आणि स्टॉलला शून्य होतो. गिअरमुळे वेग भागला जातो आणि टॉर्क गुणला जातो, पण दात्यांच्या घर्षणात काही भाग जातो. गिअरबॉक्सची कार्यक्षमता ७० टक्के धरू.

३०:१ प्रमाण घेतले तर स्टॉल टॉर्क १२.६ किलो-सेंमी येतो. ५.४चा भार म्हणजे त्याच्या ४३ टक्के. रोबो चढेल, वेगही हवा त्यापेक्षा जास्त मिळेल. पण स्टॉलच्या जवळजवळ निम्मा करंट सतत वाहिल्याने मोटर लवकर तापेल. १००:१ घेतले तर मोटर निवांत चालेल, मात्र भाराखाली फेरे ५२वर येतील. ७५:१ला स्टॉल टॉर्क ३१.५, भार त्याच्या १७ टक्के आणि फेरे सुमारे ६६. चढणीसाठी हीच निवड योग्य. भार स्टॉलच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहावा, हा नियम इथे चांगला पाळला जातो.

जास्तीचे ते ९ फेरे वाया जात नाहीत. एल२९८सारखा जुना मोटर ड्रायव्हर सुमारे २ व्होल्ट स्वतःच खातो. मोटरला १० व्होल्टच मिळाले तर फेरे ५३ होतात. रोबो थोडा हळू, पण चढतो. गिअरबॉक्स निवडताना त्याची स्वतःची टॉर्क-मर्यादाही पाहावी, कारण मोटर पूर्ण अडली तर ३१.५ किलो-सेंमीचा पीळ छोट्या गिअरचे दाते तोडू शकतो.

एवढे करूनही रोबो चढला नाही, तर चाकांकडे पाहावे. चाके थांबून मोटर गुणगुणत असेल तर टॉर्क कमी पडतो आहे. चाके फिरत असून रोबो जागीच असेल तर पकड कमी आहे, आणि तिथे मोठी मोटर काही कामाची नाही. २० अंशांच्या रॅम्पवर पृष्ठभागावर पडणारा भार ४.७ किलो. त्यातला ६० टक्केच मोटरच्या चाकांवर असेल आणि घर्षणांक ०.६ असेल, तर पकड १.७ किलो मिळते. एकसारख्या वेगाने चढायलाही १.८५ लागतात. तेच ओझे मागे सरकवून ८० टक्के भार मोटरच्या मागच्या चाकांवर आणला की पकड २.२६ होते आणि रोबो चढतो. मात्र ओझे त्याहून मागे नेल्यास पुढची चाके उचलली जाऊन रोबो उलटण्याचा धोका असतो. म्हणून ओझ्याची जागा मोटर विकत घेण्याआधीच ठरवावी.