स्कॅन केलेल्या नकाशाचं प्रमाण

‘एका इंचाला एक मैल’ या जुन्या नकाशाचं प्रमाण १:६३,३६०. पण स्कॅन करून लहान-मोठा छापला की तो आकडा खोटा ठरतो. मग आजही जागेवर असलेल्या दोन खुणा शोधाव्यात. देवळाचा कळस, रेल्वेपूल उत्तम. नदीचं वळण नको, ते सरकतं.

समजा, उपग्रह नकाशावर त्यांच्यातलं सरळ अंतर ६ किलोमीटर भरलं, छापील प्रतीवर ८ सेंटिमीटर. सहा किलोमीटर म्हणजे ६,००,००० सेंटिमीटर. त्याला आठाने भागलं की प्रमाण १:७५,०००.

आठ सेंटिमीटरांत एक मिलिमीटर चुकला तर सव्वा टक्का फरक पडतो, दोन सेंटिमीटरांत पाच टक्के. म्हणून खुणा लांबच्याच घ्याव्यात. शिवाय आडव्या दिशेची दुसरी जोडीही मोजावी. उत्तर बरंच वेगळं आलं, तर कागद एका बाजूने आकसलाय किंवा स्कॅन ताणला गेलाय.