फेदर किती ठेवायचं, हे कागद ठरवतो

फोटोतली व्यक्ती मागच्या भिंतीपासून सोडवून दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवणं हे लग्नपत्रिकेपासून वाढदिवसाच्या फ्लेक्सपर्यंत रोजचं काम आहे. पेन टूलने कडा काढून झाल्यावर फोटोशॉप विचारतं: Feather Radius किती पिक्सेल? बहुतेक हात सवयीने एकच आकडा टाकतात, कुणी 1, कुणी 3. तोच आकडा एका कामात शोभतो आणि दुसऱ्यात चित्र बिघडवतो, कारण पिक्सेलला स्वतःचं माप नसतं. तो किती मोठा होणार हे छपाईच्या आकारावर अवलंबून असतं.

फेदर काय करतं ते आधी पाहू. कापलेली कड एका रेषेत संपवण्याऐवजी ते तिथे विरत जाणारा पट्टा तयार करतं. हा पट्टा रेषेच्या आतही पसरतो आणि बाहेरही, त्यामुळे त्याची दिसणारी रुंदी त्रिज्येच्या दुपटीहून थोडी जास्त भरते. 3 पिक्सेलचं फेदर म्हणजे साधारण 7-8 पिक्सेलचा पट्टा.

आता एक उदाहरण घेऊ. चांगल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत उभी व्यक्ती डोक्यापासून पायापर्यंत 5400 पिक्सेल आहे. मासिकाच्या पानावर ती 6 इंच उंच छापायची आहे. 5400 भागिले 6, म्हणजे एका इंचात 900 पिक्सेल. इथे 1 पिक्सेल जेमतेम 0.03 मिलिमीटरचा होतो. हातातलं पान आपण फूटभर अंतरावरून वाचतो आणि तिथून डोळ्याला साधारण 0.1 मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा कळतो. म्हणून 1 पिक्सेलचं फेदर इथे जवळजवळ वाया जातं, आणि व्यक्ती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. 3 पिक्सेल दिलं, की कागदावर सुमारे 0.2 मिलिमीटरचा पट्टा मिळतो आणि कड पार्श्वभूमीत नीट बसते.

हीच फाइल फ्लेक्सवर 9 फूट उंच केली, की इंचाला 50 पिक्सेल उरतात आणि एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा होतो. त्याच 3 पिक्सेलचा पट्टा आता सुमारे 4 मिलिमीटर भरतो, पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला तो खुपत नाही. खरी अडचण येते ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत. त्यात व्यक्ती फक्त 900 पिक्सेल उंच असेल, तर त्याच फ्लेक्सवर प्रत्येक पिक्सेल 3 मिलिमीटरचा होतो आणि फेदरचा पट्टा दोन सेंटिमीटरच्या पुढे जातो. चेहऱ्याभोवती धुरकट कडं दिसतं ते यामुळे. अशा वेळी 0.5 पुरेसं असतं. फोटोच मुळात मऊ आहे, त्याला आणखी मऊपणा नको.

म्हणून मी उलट्या दिशेने जायला सांगेन. कागदावर पट्टा किती मिलिमीटरचा हवा ते आधी ठरवा, मग एक पिक्सेल छापल्यावर किती मोठा होईल ते काढा आणि त्यावरून पिक्सेलचा आकडा मिळवा. इनडिझाइनमध्ये चित्र बसवलं असेल, तर Effective PPI तिथेच वाचता येतं, भागाकारही करावा लागत नाही.

हिशेब बरोबर असूनही दोन ठिकाणी घोटाळा होतो. पट्टा रेषेबाहेर पसरतो, तेव्हा जुन्या भिंतीचा रंग सोबत येतो. काळ्या केसांमागे पांढरी भिंत असेल आणि नवी पार्श्वभूमी गडद असेल, तर पांढरी किनार लगेच उठून दिसते. Select > Modify > Contract वापरून सिलेक्शन पिक्सेलभर आत घेतलं आणि मग फेदर दिलं, की ती बरीचशी जाते. दुसरी गोष्ट बारीक वस्तूंची. कानातलं, चष्म्याची काडी किंवा हातातली छडी फेदरच्या पट्ट्याहून अरुंद असेल, तर ती पूर्णच अर्धपारदर्शक होते. निवडलेला भाग फारच लहान असला, तर निम्म्याहून जास्त निवडलेला एकही पिक्सेल उरला नाही, असा इशारा फोटोशॉप देतं. तो पुसून पुढे जाऊ नका, त्रिज्या कमी करा. सुट्या केसांना मात्र कोणतंच फेदर न्याय देत नाही. त्यांच्यासाठी Select and Mask वेगळं वापरावं लागतं.

फेदर सिलेक्शनला देऊन भाग कापून टाकला, की नंतर बदलता येत नाही. त्यापेक्षा मूळ पाथ बिनफेदरचा जपून ठेवावा, त्यावरून लेयर मास्क करावा आणि मऊपणा Properties पॅनेलमधल्या Feather स्लायडरने द्यावा. उद्या तोच फोटो पत्रिकेवर हवा असेल, तर फक्त आकडा बदलायचा. तपासणी मात्र पडद्यावर 100 टक्के झूम करून होत नाही, कारण तिथे पिक्सेल दिसतात, छापील आकार दिसत नाही. खांदा, केस आणि बोटं येतील एवढी पट्टी खऱ्या पार्श्वभूमीसकट खऱ्या मापात छापून घ्यावी. पान असेल तर ती हातात धरून पाहावी, आणि फ्लेक्स असेल तर भिंतीला लावून रस्त्याच्या अंतरावरून.