मोटर लावली की लाईट डिम का होते?

सकाळी टाकी भरायची वेळ झाली की कुणीतरी खाली मोटरचं बटण दाबतं आणि वर स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब क्षणभर तांबूस होतो. पंख्याचा सूर किंचित बसतो आणि पुढच्या सेकंदाला सगळं पूर्ववत होतं. मोटर मात्र अजून चालूच असते. म्हणजे मोटर वीज ‘खाते’ म्हणून लाईट कमी होते, असं म्हणून भागत नाही. तसं असतं तर टाकी भरेपर्यंत बल्ब मंदच राहिला असता. खरा प्रश्न त्या पहिल्या सेकंदाचा आहे.

उभी मोटर आणि फिरती मोटर

घरातल्या पाण्याच्या पंपाला बहुधा इंडक्शन मोटर असते. तिच्या बाहेरच्या गुंडाळीत वीज गेली की आत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर, नेहमीच्या वेगवान पंपात, हे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं. त्याच्या ओढीने आतला रोटर फिरू लागतो, पण तो क्षेत्राला पूर्ण गाठत नाही. चालू पंपाचा रोटर साधारण २८५० फेऱ्यांवर असतो. दोघांत फरक दीडशे फेऱ्यांचा, आणि तेवढ्याच फरकामुळे रोटरमध्ये करंट तयार होतो.

बटण दाबल्या क्षणी मात्र रोटर जागच्या जागी उभा असतो आणि क्षेत्र ३००० फेऱ्यांनी त्याच्याभोवती धावत असतं. फरक दीडशेचा नाही, पूर्ण ३००० चा. रोटरच्या सळ्यांमध्ये प्रचंड करंट उसळतो आणि त्याची भरपाई बाहेरची गुंडाळी मेन लाईनमधून करून घेते. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना ६ अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना तीच पाच-सहा पट, म्हणजे ३० अँपिअर ओढू शकते. रोटरने वेग पकडला की हा आकडा झपाट्याने खाली येतो. काही मोटरींत या वेळी आतून ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. मोटर पुरेशा वेगात आल्यावर सुरुवातीच्या गुंडाळीला आणि कॅपॅसिटरला बाजूला करणाऱ्या स्विचचा तो आवाज. मोटर एकदा उठली, की बल्बही उठतो.

इस्त्री किंवा गीझर लावल्यावर असा झटका बसत नाही, कारण त्यांचा करंट पहिल्या क्षणापासून जवळपास एकसारखा असतो. फ्रिजच्या आणि साध्या एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटरच असते, म्हणून तिथे झटका जाणवतो. इन्व्हर्टर एसी आपली मोटर हळूहळू वेगात आणतो, म्हणून त्याचा त्रास नसतो.

व्होल्ट वाटेत कुठे जातात?

मोटरने ३० अँपिअर घेतले तर बल्बने का मंद व्हावं? कारण दोघांपर्यंत वीज एकाच वायरमधून येते आणि वायर कितीही चांगली असली तरी तिला थोडा रोध असतोच. करंट जितका जास्त, तितके जास्त व्होल्ट त्या रोधात पडतात.

एक उदाहरण घेऊ. खांबापासून मीटरपर्यंत ४० मीटर सर्व्हिस वायर आहे, ४ चौरस मिलिमीटर जाडीची, अॅल्युमिनियमची. वीज फेजमधून येते आणि न्यूट्रलमधून परत जाते, म्हणून हिशेबात लांबी ८० मीटर धरायची. अशा वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो, म्हणजे आपल्या ८० मीटरला ०.५९ ओहम. मोटर चालू असताना ६ अँपिअरला त्यात साडेतीन व्होल्ट पडतात. ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सुरू होताना ३० अँपिअरला मात्र जवळपास १८ व्होल्ट पडतात आणि खांबावर २३० असलेला दाब मीटरपाशी २१२ उरतो. हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात मोटरचा करंट आणि दाब एका तालात नसतात, त्यामुळे बल्बला बसणारा फटका यापेक्षा काहीसा कमी असतो. पण घोळ कुठे आहे ते यातून कळतं.

हीच वायर १० चौरस मिलिमीटरची असती तर १८ ऐवजी सातेक व्होल्टच पडले असते. खांबापासून लांब असलेल्या घरांत, आणि पूर्वी दोन बल्ब व एका पंख्यासाठी घेतलेल्या जोडणीवर नंतर मोटर, फ्रिज, गीझर चढवलेल्या घरांत लाईट जास्त का लपकते, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

पिवळा बल्ब बोलतो, एलईडी गप्प राहतो

दाब ८ टक्क्यांनी पडला तर तारेच्या बल्बचा उजेडही ८ टक्क्यांनीच कमी व्हायला हवा, असं वाटतं. तसं होत नाही. तार थोडी कमी तापली तरी उजेड फार पडतो. २३० चे २१२ व्होल्ट झाले की उजेड जवळजवळ चतुर्थांशाने घटतो, आणि एवढा अचानक बदल डोळा लगेच पकडतो.

चांगल्या एलईडी बल्बमध्ये आत ड्रायव्हर असतो. तो दाब वरखाली झाला तरी दिव्याला ठरलेला करंट देत राहतो, त्यामुळे २१२ व्होल्ट झाले तरी बल्ब ढिम्म हलत नाही. स्वस्त एलईडीत खरा ड्रायव्हर नसतो आणि ते लुकलुकतात. म्हणून एलईडी लावल्यावर लाईट डिम होणं थांबलं, याचा अर्थ वायरिंग सुधारलं असा होत नाही. ते फक्त दिसेनासं झालं. जुने वायरमन होल्डरला लावलेला शंभर वॅटचा पिवळा बल्ब अजून पिशवीत बाळगतात, ते उगाच नाही.

कुठले दिवे मंद होतात ते पाहा

दोष शोधायला मीटरआधी डोळे पुरतात. मोटर लावल्यावर फक्त एकाच खोलीतले दिवे मंद होत असतील, तर मोटर आणि त्या खोलीची वायर एकच आहे. मीटरच्या बोर्डापासून मोटरला वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी दिला की काम झालं.

संपूर्ण घर मंद होत असेल, तर व्होल्ट मीटरच्या आधीच, सर्व्हिस वायरमध्ये किंवा तिच्या टोकांना पडताहेत. इथे मोटरला आतून नवी वायर ओढणं म्हणजे पैसे वाया, तरी हाच उपाय सर्रास केला जातो. वायर जाड हवी, आणि गरज असेल तर मंजूर लोड वाढवून घ्यायला हवा. शेजारच्या घरांतही त्याच क्षणी लाईट लपकत असेल, तर दोष तुमच्या घरात नाही. गल्लीतली लाईन किंवा डीपी कमी पडते आहे.

सैल स्क्रू आणि सैल न्यूट्रल

गेल्या वर्षी दिसत नव्हतं आणि आता ठळक दिसतं, तर वायर बदलली नाही, जोड बिघडला. अॅल्युमिनियमची वायर स्क्रूखाली हळूहळू दबते, तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि पकड सैल होते. अशा एका जोडाचा रोध अर्धा ओहम झाला, तर मोटर चालू असताना ६ अँपिअरला तिथे सतत १८ वॅट उष्णता निघते. एका स्क्रूच्या टोकाला लहानसा सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखंच ते आहे. मेन स्विचचं झाकण गरम लागणं, करपल्यासारखा वास, जोडाजवळचं प्लास्टिक पिवळट पडणं या त्याच्या खुणा. मोटर बंद करून वायरमनला बोलवावं. चालू लाईनवर स्क्रू आवळू नये.

यापेक्षा वाईट प्रकार एकच. मोटर लावल्यावर काही दिवे मंद होतात आणि काही चक्क जास्त प्रखर होतात. थ्री फेज जोडणीच्या घरात किंवा इमारतीत न्यूट्रल सैल झाला की असं होतं. न्यूट्रलचा आधार गेला, की दोन फेजमधला ४०० व्होल्टचा दाब त्यांच्यावरच्या लोडमध्ये विभागला जातो. मोटरच्या फेजवर दाब कोसळतो आणि ज्या फेजवर फक्त टीव्ही न् चार दिवे आहेत तिथे तो ३०० च्याही वर जाऊ शकतो. टीव्ही, फ्रिजचं कार्ड, चार्जर यांचं मग काही खरं नाही. असं दिसताच मेन स्विच पाडावा, आणि दोष मीटरच्या बाहेर असेल तर वीज कंपनीच्या १९१२ क्रमांकावर तक्रार करावी.

मोटरच उठत नसेल तर

कधी कधी लाईट मंद होते आणि मंदच राहते, मोटर नुसती घूंऽऽ करत राहते. रोटर फिरलेला नसतो, म्हणून सुरुवातीचा तो ३० अँपिअरचा करंट खाली येतच नाही. कारण बहुधा दोनपैकी एक असतं. एक म्हणजे कॅपॅसिटर कमजोर झालेला असतो. दुसरं, पंप बरेच दिवस बंद राहिल्याने गंजून जाम झालेला असतो. अनेक मोनोब्लॉक पंपांच्या मागच्या टोकाला, शाफ्टवर स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच असते. मेन स्विच बंद करून तिथून शाफ्ट हाताने फिरवून बघायचा. सहज फिरला तर संशय कॅपॅसिटरवर. बदलताना त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्यावा. ‘थोडा मोठा टाकू’ हा दुकानातला सल्ला गुंडाळी जाळतो. आणि घूंऽऽ ऐकत पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलं, तरी तेच होतं.

वीज आली की सगळ्या मोटरी एकदम

शिवारात हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो. एका १०० केव्हीएच्या डीपीवर पाच हॉर्सपॉवरच्या दहा मोटरी आहेत असं समजा. एकेक मोटर चालताना साडेसात अँपिअर घेते, दहा मिळून ७५. डीपीची क्षमता दर फेजला सुमारे १३३ अँपिअर, म्हणजे काही अडचण नाही. पण प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असतो आणि वीज आली की दहाही मोटरी एकाच क्षणी उठायला बघतात. मागणी होते साडेचारशे अँपिअरची.

तेवढा करंट मिळत नाही; दाबच कोसळतो. आणि इंडक्शन मोटरची उठायची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब ८० टक्क्यांवर आला की ताकद ६४ टक्केच उरते. मोटरी लवकर उठत नाहीत, जास्त वेळ जास्त करंट ओढत राहतात, आणि दाब आणखी दबलेला राहतो. यातून डीपीचे फ्यूज उडतात, कधी डीपीच जळते आणि ऐन पाण्याच्या पाळीत सगळं शिवार खोळंबतं. म्हणूनच ऑटो स्विच काढा आणि मोटरला कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगते. रात्रीच्या विजेसाठी कुणी दर वेळी शेतावर जाणार नाही, हेही खरंच. मग निदान स्टार्टरमध्ये टायमर टाकून एका डीपीवरच्यांनी आपसात ठरवावं: वीज आल्यावर पहिली मोटर दहा सेकंदांनी, दुसरी वीस सेकंदांनी, तिसरी तीस सेकंदांनी. दहावीची पाळी येईपर्यंत दोन मिनिटंही होत नाहीत.