‘बेजबाबदार’ म्हणजे नेमकं काय दिसलं?

पुण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत घडेल असा प्रसंग घेऊ. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता टीममधल्या एका मुलाने सर्व्हरचं एक सेटिंग बदललं आणि तो घरी गेला. रात्री ग्राहकाचे फोन सुरू झाले. नेमकं काय बदललंय, हे शोधण्यात रात्रपाळीतल्या दोघांचे तीन तास गेले. सोमवारी सकाळी टीम लीड बाईंच्या ओठांवर वाक्य तयार होतं: “तू फार बेजबाबदार आहेस. कुणाला काही सांगतच नाहीस.”

हे वाक्य तोंडातून गेलं की पुढचं ठरलेलं. तो मुलगा ‘कुणाला काही सांगतच नाही’ हे खोडून काढायला मागच्या महिन्यातले चार मेल दाखवणार आणि सेटिंगचा विषय बाजूलाच राहणार.

अशा वेळी उपयोगी पडणारी एक साधी पद्धत अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेने मांडली. प्रसंग, वागणूक आणि परिणाम या तीन गोष्टी याच क्रमाने सांगायच्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एसबीआय’ म्हणतात. आपल्याकडे त्यावर बँकेचा विनोद होणारच.

प्रसंग सांगणं सोपं: “शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला.” ‘हल्ली’, ‘नेहमी’, ‘दर वेळी’ हे शब्द इथे चालत नाहीत, कारण त्यांना तारीख नसते.

खरी दमछाक होते ती वागणुकीपाशी. ‘बेजबाबदार’ ही वागणूक नव्हे, तो लीडने काढलेला निष्कर्ष आहे. कसोटी अशी, की खोलीत कॅमेरा असता तर त्यात काय दिसलं असतं? बेजबाबदारपणा दिसला नसता. सेटिंग बदललेलं दिसलं असतं, आणि सपोर्टच्या ग्रुपवर त्याबद्दल एकही ओळ नाही, हे दिसलं असतं. ‘तुला रस नाही’, ‘तू मुद्दाम केलंस’ ही वाक्यंही याच गाळणीत अडकतात. लीडने एकदा कागदावर आपलं वाक्य लिहून त्यातली विशेषणं खोडून पाहावीत. कधीकधी काहीच उरत नाही, आणि मग बोलण्याआधी आणखी माहिती काढायला हवी, एवढं कळतं.

परिणाम सांगताना मोह होतो तो फुगवण्याचा. “कंपनीचं नाव खराब झालं” असं म्हटलं की समोरचा मनातल्या मनात वाद घालू लागतो. जे घडलं तेवढंच पुरतं. म्हणून बाईंचं सुधारलेलं बोलणं असं झालं:

“शुक्रवारी सातच्या सुमाराला तू ते सेटिंग बदललंस. सपोर्टच्या ग्रुपवर मला त्याचा मेसेज दिसला नाही. रात्री दोघांचे तीन तास शोधाशोधीत गेले, आणि ग्राहकाला काय सांगावं ते मलाही कळेना. तुझ्या डोक्यात काय होतं तेव्हा?”

शेवटचा प्रश्न त्याच संस्थेने पुढे जोडलेल्या चौथ्या पायरीचा, म्हणजे हेतू विचारण्याचा. तो उलटतपासणीच्या सुरात विचारला तर सगळं मुसळ केरात. खरंच विचारला तर उत्तर अनपेक्षित येऊ शकतं. समजा, मुलगा म्हणाला, “मॅडम, मी टाकला होता की मेसेज.” फोन उघडून पाहिलं तर मेसेज होता, पण जुन्या ग्रुपवर. सपोर्टची मंडळी महिन्यापूर्वीच नव्या ग्रुपवर गेली होती आणि याला तिथे कुणी घेतलंच नव्हतं. आता दुरुस्ती कुठे करायची ते उघड आहे, आणि ती त्या मुलाच्या स्वभावात नाही.

हे सगळं बोलायला दोन-तीन मिनिटं लागतात. वेळ खातो तो उशीर. वार्षिक मूल्यमापनापर्यंत साठवून ठेवलेला शुक्रवार कुणालाच नीट आठवत नाही. मात्र चारचौघांत, स्टँडअप मीटिंगमध्ये हे बोललं तर तीनही भाग बिनचूक असूनही ऐकणाऱ्याला फक्त अपमान ऐकू येतो.

कौतुकालाही हीच मोजपट्टी लावता येते, आणि ती फार कमी लीड लावतात. “छान काम केलंस” यातून काय पुन्हा करायचं ते कळत नाही. “काल डेमोमध्ये ग्राहकाने मधेच प्रश्न विचारला, तेव्हा तू ‘तपासून उद्या सांगते’ म्हणालीस. त्यामुळे मला नंतर कुठलाही शब्द मागे घ्यावा लागला नाही,” हे ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी तसंच करते.

पद्धतीला मर्यादा आहेत. स्वतः न पाहिलेल्या, ‘तिघं सांगत होते’ अशा तक्रारीवर ती चालत नाही; तिथे वागणुकीचा रकाना रिकामाच असतो. तीच चूक चौथ्यांदा झाली तर एका शुक्रवारबद्दल बोलून भागत नाही. मग चारही तारखा समोर ठेवून त्या सिलसिल्याबद्दलच बोलावं लागतं. आणि छळ किंवा पैशांची अफरातफर असेल, तर ते प्रकरण लीडच्या टेबलावर न ठेवता थेट एचआरकडे किंवा कंपनीच्या तक्रार समितीकडे जातं.