बेल बसली, आता तिने काय पाहायचं?

भाचीच्या दारावर कॅमेऱ्याची बेल बसून जेमतेम सहा तास झाले होते आणि तिच्या फोनवर चौतीस नोटिफिकेशन्स जमली होती. घर स्वीडनमधलं. योतेबोरीच्या, म्हणजे आपण ज्याला गोथेनबर्ग म्हणतो त्या शहराच्या एका उपनगरात भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांची रांग आहे, त्यातलं. डिसेंबर असल्यामुळे साडेतीनच्या आधीच सूर्य मावळला होता. "मामा, नुसती लवंगीची माळ लागलीय," ती म्हणाली आणि वैतागलेला कुणीही करेल तेच तिने केलं. ॲप उघडून नोटिफिकेशन बंद करून टाकलं.

फोन गप्प झाला, पण बेल गप्प झाली नव्हती. ती पूर्वीसारखीच फुटपाथवरचा प्रत्येक माणूस टिपत होती, त्याचं रेकॉर्डिंग साठवत होती आणि बॅटरी खात होती.

ॲपची भाषा स्वीडिश होती. भाचीला कामापुरतं स्वीडिश येतं, तरी सेटिंगचे शब्द वेगळेच असतात. त्यातले तीन कळले की पुष्कळ झालं: `Rörelsezoner` म्हणजे हालचालीचे झोन, `Inspelning` म्हणजे रेकॉर्डिंग आणि `Aviseringar` म्हणजे नोटिफिकेशन. या एकाखाली एक ठेवलेल्या तीन चाळण्या आहेत. बेल कशाने जागी होणार हे पहिली ठरवते, त्यातलं काय साठणार हे दुसरी, आणि तुमच्या खिशात काय वाजणार हे तिसरी. भाचीने शेवटची चाळणी बंद केली होती, वरच्या दोन सताड उघड्या होत्या.

म्हणून सुरुवात झोनपासून. बॅटरीवर चालणाऱ्या बऱ्याच बेलांमध्ये कॅमेरा एरवी झोपलेला असतो. त्याला उठवतो तो उष्णता ओळखणारा छोटा सेन्सर. माणसाचं ऊबदार अंग समोरून आडवं सरकलं की तो चटकन जागा होतो. तोच माणूस नाकासमोर सरळ चालत आला तर उशिरा. इथे नेमकी पंचाईत होते. आपल्याला हवा असलेला पाहुणा सरळ दाराकडे येतो आणि नको असलेला वाटसरू फुटपाथवरून आडवा जातो! ॲप लावल्यावर झोन बहुधा अख्ख्या चित्रावर पसरलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशीची माळ ठरलेलीच.

भाचीने मग दुसरं टोक गाठलं. बोटाने कोपरे ओढत झोन थेट पायरीपुरता आखला. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला येऊन गेला आणि रेकॉर्डिंगमध्ये दिसली फक्त त्याची पाठ. हिशेब सोपा आहे. फाटकापासून दार सहा मीटर. साधा चालणारा माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटर जातो, म्हणजे चारेक सेकंदांत दाराशी. सेन्सर उठून कॅमेरा सुरू व्हायला सेकंद-दीड सेकंद जातो. झोन दारापासून एकच मीटर असेल तर कॅमेऱ्याचे डोळे उघडेपर्यंत खोकं खाली ठेवून माणूस वळलेला असतो. आम्ही झोनची कड साडेतीन मीटरवर नेली. आता त्याला दाराशी पोहोचायला अडीच सेकंद लागतात आणि चेहरा समोरून मिळतो. हे कागदावर ठरत नाही. मी त्या थंडीत पाच वेळा फाटकातून चालत आलो, तेव्हा जमलं.

एवढ्यावर भाची खूश होती, पण खरी गफलत पुढे आहे. झोनमधून फुटपाथ वगळला म्हणजे फुटपाथ चित्रातून गेला, असं नाही. झोन फक्त कॅमेऱ्याला उठवतो. एकदा उठला की तो समोरचं सगळं टिपतो, शेजाऱ्याचं दारसुद्धा. आणि स्वीडनमध्ये ही बाब शेजारधर्मावर सोडलेली नाही. स्वतःचं घर आणि अंगण खासगी कामासाठी टिपायला मुभा आहे. पण रस्ता किंवा शेजाऱ्याची जागा त्यात आली की युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्यातली घरगुती वापराची सूट उरत नाही. युरोपीय न्यायालयाने 2014 साली एका चेक घरमालकाच्या प्रकरणात हेच सांगितलं होतं. स्वीडनमध्ये यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं संक्षिप्त नाव IMY.

त्यासाठी ॲपमध्ये वेगळी सोय असते, बहुधा `Integritetszoner` या नावाची. तिथे चौकोन आखला की तेवढा भाग चित्रात काळा होतो, थेट पाहतानाही आणि रेकॉर्डिंगमध्येही. आम्ही फुटपाथ आणि डावीकडचं शेजाऱ्यांचं दार दोन्ही झाकलं. ही सोय नसेल तर बेलखाली पाचर लावून कॅमेऱ्याचं तोंडच वळवावं लागतं. जाता जाता आवाजाचं रेकॉर्डिंगही बंद केलं. ज्या बोलण्यात आपण नाही, ते गुपचूप रेकॉर्ड करणं तिथे फौजदारी गुन्हा ठरू शकतं, आणि दोन शेजारी दारात उभे राहून काय बोलतील याचा भरवसा कोण देणार?

रेकॉर्डिंगमध्ये पाहायचे आकडे दोनच. एक क्लिप किती सेकंदांची, आणि दोन क्लिपांच्या मध्ये किती थांबायचं. बॅटरी वाचवायला भाचीने क्लिप पंधरा सेकंदांची आणि थांबा एक मिनिटाचा ठेवला होता. आता समजा, कुरिअरवाल्याने खोकं ठेवलं आणि चाळीस सेकंदांनी दुसऱ्याच कुणी ते उचललं. दुसरा माणूस नेमका थांब्यात सापडतो आणि त्याची नोंदच होत नाही. झोन आटोपशीर झाल्यावर बेल दिवसातून सात-आठदाच उठू लागली, म्हणून क्लिप तीस सेकंदांची आणि थांबा सगळ्यात कमी ठेवणं परवडलं. आणखी एक: अनेक कंपन्या रेकॉर्डिंग साठवण्याची सेवा सुरुवातीला फुकट देतात आणि मुदत संपली की साठवण थांबते. बेल वाजत राहते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. ती तारीख कॅलेंडरमध्ये टिपून ठेवावी.

मग उरली शेवटची चाळणी. बटण दाबल्याचं आणि नुसत्या हालचालीचं, अशी दोन वेगळी नोटिफिकेशन्स असतात. पहिलं कायम चालू ठेवावं. दुसऱ्याला वेळेचं बंधन हवं, कारण स्वीडनमध्ये सकाळचं वर्तमानपत्र टाकणारा माणूस पहाटेच्या अंधारात येतो. भाचीकडे तो चारला येतो. शिवाय कुंपणाशी हरणं येतात, तीही गरम रक्ताची. नोटिफिकेशन फक्त माणसाचंच यावं असा पर्याय होता, तो लावला. रेकॉर्डिंग मात्र सगळ्याचं होऊ दिलं.

तरीही एखादा पाहुणा निसटला, तर दोष कुठे हे ॲपमधली घटनांची यादी सांगते. यादीत नोंद आणि क्लिप दोन्ही असून फोन वाजला नसेल, तर गडबड फोनमध्ये. आयफोनचं `Stör ej` चालू राहिलेलं असतं, किंवा अँड्रॉइडने बॅटरी वाचवायला ॲप झोपवलेलं असतं. नोंद आहे पण क्लिप नाही, तर रेकॉर्डिंग बंद किंवा मुदत संपलेली. नोंदच नसेल, तर झोन किंवा सेन्सर.

जानेवारीत भाचीचा फोन आला. यादी दोन दिवस कोरी होती. गेला महिनाभर शिकवलेलं सगळं तिने तपासलं होतं. झोन जागच्या जागी होता. बॅटरी गोठणबिंदूखाली मलूल झाली होती. आत आणून, खोलीच्या उबेत तासभर ठेवून मग चार्ज केली, तेव्हा बेल पुन्हा सुरू झाली. पहिलं नोटिफिकेशन आलं ते पेपरवाल्याचं. वेळेचं बंधन घालायचं तेवढं राहून गेलं होतं.